हाड जुळलं, पण आग विझेना : मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरच्या सीआरपीएसचं एक प्रकरण

रुग्ण ५३ वर्षांची बाई, राहणार नागपूरच्या महाल भागात, कामाचा हात उजवा. उन्हाळ्यात घरीच पापड, कुरड्या, सरगुंडे करून विकते. मे महिन्याच्या मध्यात कूलरच्या टाकीतून गळलेल्या पाण्यावरून तिचा पाय घसरला आणि ती डाव्या पंजावर पडली. एक्स-रेमध्ये रेडियस हाडाच्या मनगटाकडच्या टोकाला तडा दिसला. हाड जागचं हललं नव्हतं. कोपराच्या खाली प्लास्टर घातलं गेलं आणि पाच आठवड्यांनी या असं सांगितलं. हाडाच्या डॉक्टरांच्या दृष्टीने याहून साधं फ्रॅक्चर नाही. पण त्यातूनच सीआरपीएस, म्हणजे कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम, हा दुखापतीनंतर न थांबणाऱ्या वेदनेचा आजार सुरू झाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

चौथ्या दिवसापासून हाताची आग सुरू झाली. फ्रॅक्चरचं दुखणं हललं की ठणकतं आणि हात उशीवर उंच ठेवला की उतरतं. हिचं उलट होतं. हात स्वस्थ असतानाही आग, रात्री जास्त. दहापैकी किती, असं विचारल्यावर ती सात सांगायची. बोटं सुजली तेव्हा ती परत दाखवायला गेली. तिथे आधी कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आतल्या दाबाने हाताचा रक्तपुरवठा तुटणं, नाही ना हे पाहिलं : बोटं हळूच सरळ केल्यावर असह्य कळ येते का, बोटं सुन्न आहेत का, नखाखाली रक्त परत भरतं का. मग प्लास्टर उभं चिरून सैल केलं. हे सगळं बरोबरच झालं. पण प्लास्टर सैल करूनही आग कमी झाली नाही, आणि तिथे कुणी थबकलं नाही. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर पहिल्याच आठवड्यात दुखणं दहापैकी पाच किंवा जास्त असेल, तर त्या रुग्णावर लक्ष ठेवायचं, एवढं तरी आता चांगलं माहीत झालं आहे. तिला मिळालं ते उत्तर असं : "प्लास्टरमध्ये दुखतंच, बाई."

जूनच्या शेवटी प्लास्टर निघालं. हाड सुरेख जुळलं होतं. हात मात्र पाहवत नव्हता. पंजा सुजलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, रंग जांभळट लाल, तळव्याला सतत घाम. अंगठी आधीच कापून काढावी लागली होती. मूठ वळेना. हाड जुळलंय, आता हात चालवा, मालिश करा, एवढं सांगून तिला घरी पाठवलं. घरच्यांनी सल्ला मनापासून पाळला. नात्यातल्या एका बाईने रोज मोहरीचं तेल गरम करून हात रगडला आणि एकेक बोट ओढून सरळ केलं. त्यावर शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून बर्फाचं पाणी. दोन आठवड्यांत सूज कोपराकडे सरकली, आणि बाईने हात ओढणीत गुंडाळून छातीशी धरून ठेवायला सुरुवात केली.

ती आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत आली तेव्हा पडण्याला आठ आठवडे झाले होते. बसल्या बसल्या पहिली विनंती, "पंखा बंद करा ना जी." जुलैतल्या दमट नागपुरात पंखा बंद करायला सांगणारा माणूस दिसला की तिथेच कान टवकारावेत. पंख्याचा वारा, साडीचा पदर, नळाची धार, असा कुठलाही हलका स्पर्श तिला चटक्यासारखा लागत होता. वेदना न देणाऱ्या गोष्टीने वेदना होणं, याला अॅलोडायनिया म्हणतात. घट्ट दाब तिला त्यामानाने सहन होत होता, कापसाचा बोळा मात्र नाही.

दुसरी एक गोष्ट ती लाजत बोलली. "आंघोळीला बसलं की हा हात माझा वाटतच नाही. कोण्या दुसऱ्याचा हात माझ्या अंगावर ठेवल्यासारखा वाटते." असं बोललं तर लोक वेडी म्हणतील, या भीतीने तिने हे घरी सांगितलं नव्हतं. सीआरपीएसच्या रुग्णांकडून हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं, पण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आम्ही विचारतो.

तपासणी

सीआरपीएस दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. एमआरआयवर ठाम दिसेल असंही काही नसतं. निदान दोन हात शेजारी शेजारी ठेवून, बघून आणि स्पर्श करून होतं. त्यासाठी बुडापेस्टमध्ये २००३ साली झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीतून आलेले निकष वापरतात. दुखापतीच्या मानाने फार जास्त आणि न थांबणारी वेदना हवीच. त्याशिवाय लक्षणांचे चार गट पाहायचे : स्पर्शाची अतिसंवेदना, रंग किंवा तापमानातला फरक, सूज किंवा घामातला फरक, आणि हालचाल, नखं, केस, कातडी यांतला बदल. रुग्णाच्या सांगण्यात चारपैकी तीन गट यावेत आणि तपासताना निदान दोन गट आपल्याला दिसावेत. आणि हे सगळं दुसऱ्या कुठल्या आजाराने जास्त चांगलं समजावता येत नसावं.

तापमान मोजताना नागपुरात एक अडचण येते. बाहेर कडक ऊन असेल आणि माणूस नुकताच रिक्षातून उतरला असेल, तर दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या पूर्ण उघडलेल्या असतात आणि दोन्ही हात सारखेच गरम लागतात. फरक लपून जातो. उन्हाळ्यात कूलरसमोर बसलेल्याचा उलटा घोळ होतो. म्हणून रुग्णाला वीस मिनिटं सावलीतल्या साध्या खोलीत बसवायचं, दोन्ही हात उघडे, मांडीवर न टेकवता. मगच इन्फ्रारेड थर्मामीटर. हिच्या डाव्या पंजाची पाठ ३४.८ अंश सेल्सियस होती, उजव्याची ३३.१. एक अंशापेक्षा जास्त फरक आम्ही खरा धरतो.

टेप इंग्रजी आठच्या आकड्यासारखी मनगट आणि पंज्याभोवती फिरवून सूज मोजली. उजवीकडे ३९ सेंटीमीटर, डावीकडे साडेएक्केचाळीस. मूठ वळताना मधलं बोट तळव्यापासून साडेचार सेंटीमीटर दूर राहत होतं. पकड उजव्या हाताची २२ किलो, डाव्याची जेमतेम ३. डाव्या हाताची नखं भराभर वाढत होती आणि त्यावर बारीक उभ्या रेघा होत्या. कापसाच्या बोळ्याने कडेकडेने स्पर्श करत जिथे चटका सुरू होतो तिथे पेनाने ठिपके काढले आणि ते जोडले. मनगटापासून बोटांपर्यंत पूर्ण हातमोज्यासारखा भाग निघाला. हा आकार महत्त्वाचा. मनगटात मीडियन नर्व्ह दाबली गेली असती, आणि अशा फ्रॅक्चरनंतर ती दाबली जाऊ शकते, तर त्रास अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात असता. करंगळी सुटली असती. हिची करंगळीही तेवढीच जळत होती. तरी नर्व्ह कंडक्शनची चाचणी करून घेतली, कारण दाबलेली नस मोकळी केली तर हात सुधारतो आणि ती तशीच सोडली तर सगळे व्यायाम वाया जातात. चाचणी नॉर्मल आली. म्हणजे हा सीआरपीएसचा पहिला प्रकार, ज्यात मोठ्या नसेला इजा नसते.

लाल, गरम, सुजलेला हात पाहून आधी जंतुसंसर्गाची शंका येणं रास्त आहे. तिला ताप नव्हता, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी ही रक्तातून सूज दाखवणारी चाचणी नॉर्मल, काखेत गाठी नाहीत. डॉपलर सोनोग्राफीत शिरेत गुठळी नव्हती. युरिक अॅसिड ठीक होतं. नव्या एक्स-रेमध्ये जुळलेलं हाड दिसलं आणि पंज्याच्या हाडांमध्ये ठिपक्याठिपक्यांनी विरळपणा. हाच विरळपणा जर्मन सर्जन पॉल सुडेक यांनी १९०० साली नोंदला होता, म्हणून जुन्या फायलींवर अजून 'सुडेक्स अॅट्रॉफी' लिहिलेलं सापडतं. आजचं नाव १९९४ सालचं आहे. बोन स्कॅन केला नाही. तो नॉर्मल आला तरी निदान बदललं नसतं, आणि तिचे पैसे औषधाला लागणार होते.

हातात नेमकं काय चाललं होतं

तिच्या मुलाने सरळ विचारलं, "जंतू नाही, नस दबली नाही, हाड जुळलं, मग हात लाल काऊन?" प्रश्न रोखठोक होता, म्हणून उत्तरही तसंच द्यावं लागलं. दुखापतीनंतर वेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसांची टोकं स्वतःच सब्स्टन्स पी आणि सीजीआरपी ही रसायनं आजूबाजूच्या पेशीजालात सोडतात. त्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरतात, हात लाल, गरम, सुजलेला होतो. ही सूज जंतूंमुळे नसल्याने अँटिबायोटिकने उतरत नाही आणि रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. बहुतेकांत हे काही आठवड्यांत निवतं. काहींत निवत नाही. घाम आणि रक्तप्रवाह सांभाळणाऱ्या सिंपथेटिक नसांचा ताळ बिघडतो. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू त्या हाताच्या संदेशांना इतके हळवे होतात की कापसाचा बोळाही धोका म्हणून नोंदला जातो. वापर थांबलेल्या हाताची मेंदूतली जागाही बदलते. तो हात आपला न वाटणं तिथूनच येतं.

मनाचा कमकुवतपणा हे याचं कारण नाही, हे तिच्यासमोर आणि मुलासमोर स्पष्ट बोललो. आजवर घरात "हिला दुखणं सहनच होत नाही" असं चाललं होतं.

उपचार

आम्ही वेदनातज्ज्ञ डॉक्टरांसोबत मिळून ठरवलं. हात गरम आणि सुजलेला होता, दुखणं तीन महिन्यांच्या आतलं होतं, म्हणून त्यांनी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज ३० मिलिग्रॅम दोन आठवडे आणि मग हळूहळू उतरवत बंद, असा छोटा कोर्स दिला. साखर आधी तपासली होती आणि मध्येही पाहिली. मधुमेह असता तर हा निर्णय इतका सहज झाला नसता. रात्रीच्या आगीसाठी कमी मात्रेत गॅबापेंटिन. त्याने पहिले काही दिवस तिला सकाळी गरगरायचं, म्हणून संडास-बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत. दुसऱ्यांदा पडणं परवडणारं नव्हतं. मानेतल्या स्टेलेट गँगलियन या सिंपथेटिक नसांच्या गाठीजवळचं इंजेक्शन राखून ठेवलं होतं. त्याचा पुरावा फार भक्कम नाही आणि ते लागलंही नाही.

औषधांनी सूज आणि रात्रीची आग उतरली. हात परत वापरात आणायचं काम व्यायामाने होतं, आणि तिथे मात्रा चुकली की हात आणखी भडकतो. मालिश आणि बोटं ओढणं त्या दिवशीच बंद केलं, बर्फही. ओढणीची झोळीही बंद केली, आणि हे तिला जास्त जड गेलं. दुसऱ्याने जोर लावून हात चालवायचा नाही आणि हात जपूनही ठेवायचा नाही, या दोन सूचना एकत्र ऐकताना विसंगत वाटतात. हालचाल तिची स्वतःची हवी होती, छोटी, दिवसातून अनेकदा.

सुरुवात हालचालीने केलीच नाही. हातांच्या फोटोंचे पत्ते केले. वेगवेगळ्या कोनांतले, कुठे वाटी धरलेला, कुठे उलटा, कुठे लाटणं धरलेला. पत्ता बघायचा आणि डावा की उजवा ते सांगायचं. हात वळवून बघायचा नाही. पाहणाऱ्याला हे पोरखेळ वाटतं. पण फोटोतला हात ओळखताना मेंदू मनातल्या मनात आपला हात त्या कोनात फिरवून पाहतो, आणि नेमकं तेच तिचं अडखळत होतं. उजवा हात ती दोन सेकंदांत ओळखायची, दहात एखाद-दुसरा चुकायचा. डाव्याला जवळपास चार सेकंद, आणि दहात तीन-चार चुका. एवढ्या चुका करणाऱ्या मेंदूकडून लगेच हात हलवून घ्यायचा म्हणजे चुलीवर रिकामं भांडं ठेवण्यासारखं आहे. मुलाने तेच फोटो तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिले. दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं. दोन आठवड्यांत डाव्या हाताचा वेळ सव्वादोन सेकंदांवर आला.

मग डोळे मिटून कल्पना करायची : डावा हात परातीत जातोय, कणीक दाबतोय. हात जागेवरच. पहिल्या दिवशी नुसत्या कल्पनेने तिची आग वाढली आणि पंजा थोडा सुजला. ती घाबरली. हे होतं, आणि होतं हे नोंदलेलंही आहे. आम्ही कणीक सोडली आणि तिला दुसऱ्या कुणाचा तरी हात परातीत जाताना पाहायला सांगितलं, मग काही दिवसांनी स्वतःचा. तिसरा टप्पा आरशाचा. पुठ्ठ्याच्या खोक्याला आरसा लावून डावा हात आत लपवायचा आणि उजव्याचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी बघत दोन्ही हात सोबत हलवायचे. आरशात हात सुंदर, न सुजलेला दिसतो. पहिल्यांदा तो पाहून ती रडली, पण व्यायाम थांबवला नाही.

या सोबतच स्पर्शाचा सराव. तिच्याच घरातल्या वस्तू घेतल्या. मऊ जुन्या लुगड्याचा तुकडा, मग खादी, मग टॉवेल. डब्यात हात घालून फिरवायचा : आधी पीठ, मग तांदूळ, शेवटी तूर डाळ. स्पर्श चटका असलेल्या भागाच्या कडेवरून सुरू करून आत सरकायचा, आणि हाताकडे बघत. नियम एकच : सराव संपल्यावर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी मात्रा कमी, पण शून्य नाही. डाव्या खांद्याकडेही लक्ष दिलं. हात छातीशी धरून धरून तो आखडला होता, हात डोक्यावर जात नव्हता. पंज्याच्या गडबडीत खांदा विसरला जातो आणि दोन महिन्यांनी तीच मोठी तक्रार होऊन बसते.

ऑगस्टच्या अखेरीला मधलं बोट तळव्यापासून दीड सेंटीमीटरवर आलं, तापमानातला फरक अर्ध्या अंशाच्या आत. मग महालक्ष्म्या आल्या. विदर्भात या तीन दिवसांत घरच्या बाईने बसून राहणं शक्य नसतं. आंबील, पुरण, सोळा भाज्या. तिने दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत पुरण वाटलं आणि भाज्या चिरल्या. संध्याकाळी पंजा पुन्हा लाल, सुजलेला, दुखणं तीनवरून आठवर. घरच्यांनी ओढणी परत बाहेर काढली.

असं भडकणं आणि नवी इजा यांतला फरक बघावा लागतो. नव्याने पडणं नाही, एका जागी बोट ठेवून दाखवता येईल अशी कळ नाही, ताप नाही, अंगठा स्वतःहून वर उचलता येतो. शेवटचं मुद्दाम पाहिलं, कारण न हललेल्या फ्रॅक्चरनंतरही अंगठा उचलणारा स्नायुबंध काही आठवड्यांनी तुटू शकतो. तो शाबूत होता. म्हणून दोन दिवस सगळा सराव निम्म्यावर आणला, पत्ते आणि आरसा चालू ठेवले, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा चढवत नेलं. साताठ दिवसांत हात जिथे होता तिथे आला. प्रेडनिसोलोन पुन्हा दिलं नाही. प्रत्येक भडक्याला स्टिरॉइड द्यायला लागलो तर ते थांबवायचं कधी, याला उत्तर राहत नाही.

ऑक्टोबरपासून कामाशी जोडलेले व्यायाम. साडीच्या निऱ्या घालणं हे तिने स्वतः निवडलं, कारण आतापर्यंत सून नेसवून देत होती. ओलं फडकं पिळणं सगळ्यात शेवटी जमलं. पिळताना मनगट वळतं आणि बोटं घट्ट धरावी लागतात, दोन्ही एकदम.

आजची स्थिती

पडण्याला सात महिने झाले तेव्हाची नोंद : दुखणं एरवी एक ते दोन, पकड १४ किलो, मूठ पूर्ण वळते, मनगट मागे वळण्यात थोडी कमी. खांदा मोकळा. गॅबापेंटिन हळूहळू उतरवून बंद केलं. तपासणीत आता बुडापेस्टचे निकष पूर्ण होत नाहीत, पण हात पूर्वीसारखा झालेला नाही. डिसेंबरच्या थंडीत पहाटे डावा पंजा उजव्यापेक्षा गार आणि निळसर पडतो, बोटं ताठ होतात. ती लोकरीचा हातमोजा घालते आणि कोमट पाण्याने भांडी घासते. ही थंडीची संवेदनशीलता अनेकांत वर्षभर किंवा त्याहून जास्त राहते.

फेब्रुवारीत पापडाचं काम सुरू होईल. पहिल्या आठवड्यात रोज एक किलोपुरतं लाटायचं, डाव्या हाताने लाट्या फिरवायच्या आणि दर वीस मिनिटांनी उठायचं, असं ठरलंय. ऑर्डर त्या हिशेबाने घ्यायच्या, हे मुलाने मान्य केलंय. ती स्वतः अजून दोन किलोवर अडून आहे.